निबंधवजा प्रश्नांतील ‘वर्णन करा’, ‘स्पष्ट करा’, ‘मूल्यमापन करा’: या चुका टाळा

कोल्हापुरात इतिहासाची प्रश्नपत्रिका काढायची म्हटले की शाहू महाराजांच्या 26 जुलै 1902 च्या जाहीरनाम्यावर एखादा मोठा प्रश्न येतोच, आणि त्याच्या शेवटचे आज्ञार्थी क्रियापद बहुधा हाताला लागेल ते असते. एका वर्षी ‘वर्णन करा’, पुढच्या वर्षी ‘मूल्यमापन करा’, आणि नमुना उत्तर मात्र दोन्ही वर्षी तेच! माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच.

एका महाविद्यालयाच्या अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिका फेरतपासणीसाठी माझ्याकडे आल्या होत्या. जाहीरनाम्याचे मूल्यमापन करण्याचा प्रश्न आठ गुणांचा होता आणि गुणदान योजनेत प्रत्येकी एका गुणाचे आठ मुद्दे दिलेले होते: तारीख, महाराजांचा त्या वेळचा इंग्लंडमधील मुक्काम, रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के जागा मागासवर्गीयांना देण्याची तरतूद, खातेप्रमुखांनी दर तिमाहीला नेमणुकांचा तक्ता पाठवण्याची अट, इत्यादी. एका विद्यार्थ्याने हे सारे ओळीने उतरवले होते. त्याला सात गुण मिळाले. दुसऱ्या विद्यार्थिनीने लिहिले होते की 1894 साली दरबारातील 71 अधिकाऱ्यांपैकी 60 ब्राह्मण होते, 1912 साली 95 पैकी 35 उरले, म्हणजे नेमणुकांपुरता आदेश परिणामकारक ठरला. परंतु शिकलेले उमेदवारच नसते तर राखीव जागा भरल्या कोणी असत्या, असा प्रश्न उपस्थित करून तिने 1901 च्या मराठा बोर्डिंगकडे बोट दाखवले होते आणि केवळ आदेशाला सारे श्रेय देता येत नाही, असा निष्कर्ष काढला होता. तिला तीन गुण होते, शेजारी शेरा होता: ‘मुद्दे कमी’. तपासणाऱ्याने योजनेप्रमाणेच तपासले होते. प्रश्न मूल्यमापनाचा आणि योजना वर्णनाची, हे मात्र पेपर काढतानाच कोणाच्या तरी लक्षात यायला हवे होते.

मी स्वतः आधी गुणदान योजना लिहितो आणि क्रियापद सर्वांत शेवटी घालतो. गुण जर काय होते, कसे होते एवढ्यालाच असतील, तर ‘वर्णन करा’. एका गोष्टीमुळे दुसरी कशी घडली हा दुवा दाखवण्याला असतील, तर ‘स्पष्ट करा’. निकष, दोन्ही बाजूंचा पुरावा आणि त्यातून निघणारा निर्णय यांना असतील, तरच ‘मूल्यमापन करा’. वरच्या प्रश्नाला मी माहितीसाठी दोन, पुराव्याच्या वापरासाठी चार आणि निर्णयासाठी दोन गुण ठेवले असते. मग प्रश्न झाकून नुसती योजना सहकाऱ्याच्या हाती द्यावी. प्रश्नातले क्रियापद त्याला ओळखता आले नाही, तर पेपर छापायला पाठवू नये. नव्याने पेपर काढणाऱ्यांना हे वेळखाऊ वाटते आणि ते मागच्या वर्षीची योजना उचलतात. वेळ वाचतो खरा, पण तो फेरतपासणीत दामदुपटीने जातो.

भाषेत विविधता यावी म्हणून ‘विशद करा’, ‘विवेचन करा’, ‘ऊहापोह करा’ असे आलटून पालटून लिहिणे बंद करावे, कारण विद्यार्थी प्रत्येक शब्दामागे वेगळी अपेक्षा शोधत बसतो. ‘थोडक्यात सविस्तर लिहा’ यावर बोलण्यासारखे काही नाही. दोन गुणांच्या प्रश्नाला मूल्यमापन विचारू नये.

विद्यार्थ्यांना समजावताना होणारी चूक म्हणजे या शब्दांच्या व्याख्या फळ्यावर लिहून पाठ करायला सांगणे. मुले व्याख्या धडाधड म्हणून दाखवतात आणि उत्तर जुन्याच वळणाचे लिहितात. त्याऐवजी एकाच जाहीरनाम्यावर तीन प्रश्न एकाच तासात सोडवून घ्यावेत: त्यातील तरतुदींचे वर्णन करा, तो काढण्याची गरज का भासली हे स्पष्ट करा, प्रशासनातील प्रतिनिधित्व या निकषावर त्याचे मूल्यमापन करा. तिन्ही उत्तरे शेजारी शेजारी ठेवली की 71 पैकी 60 हा आकडा दुसऱ्या उत्तरात कारण म्हणून येतो आणि तिसऱ्यात 1912 शी तुलनेसाठी येतो, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. पहिल्या उत्तरात त्याला जागाच नसते.

आमच्याकडे आणखी एक अडचण येते. शाहू महाराजांविषयीचा आदर इतका स्वाभाविक आहे की मूल्यमापनाचे उत्तर तिसऱ्या ओळीतच गौरवपर भाषण होते. ‘हा जाहीरनामा युगप्रवर्तक होता’ या वाक्याखाली मी लाल शाईने ‘कशावरून?’ एवढेच लिहितो आणि पुढच्या दोन ओळी त्याच वहीत, त्याच तासाला लिहून घेतो. क्लासच्या नोट्समधले ‘मूल्यमापन म्हणजे फायदे-तोटे’ हे सूत्रही असेच पुरे पडत नाही, कारण दोन याद्या लिहून झाल्या तरी कोणती बाजू जड आणि का, हे लिहायचे राहूनच जाते. अशा उत्तराला माझ्या योजनेत निर्णयाचे दोन्ही गुण मिळत नाहीत, आणि हे मी परीक्षेपूर्वीच वर्गात सांगून ठेवतो.