एका गावाच्या गेमसाठी कामगिऱ्या, माणसं आणि संवादाच्या फांद्या कशा रचाव्यात

प्रत्येक निर्णयाला दोन वाटा आणि त्या पुन्हा कधीच एकत्र येत नाहीत, असं ठरवलंत तर तीन निर्णयांत आठ कथा होतात आणि सहा निर्णयांत चौसष्ट. एवढं लिहून कुणाच्यानं होत नाही. म्हणून फाटे लवकर जुळवा, आणि खेळाडूनं काय केलं ते गावाला लक्षात ठेवू द्या.

आधी गावाची अडचण ठरवा. उदाहरणार्थ, उन्हाळ्यात सार्वजनिक विहिरीच्या मोटारपेटीची किल्ली हरवली आहे. नळाला पाणी सोडणाऱ्या गणपतचा चार महिन्यांचा पगार थकलाय, म्हणून त्यानंच ती किराणा दुकानात लपवली आहे.

आता माणसं. घरं चाळीस दाखवा, पण बोलणारी सहाच ठेवा. प्रत्येकाबद्दल तीन गोष्टी लिहून काढा: त्याला काय हवंय, तो काय लपवतो आणि ऐकलेलं कुणाला सांगतो. तिसरी गोष्ट हमखास राहून जाते, आणि खरं तर गाव उभं राहतं ते तिच्यावरच. गणपतची शेजारीण पारूआजी त्याची बाजू घेते आणि सगळं दुकानदाराला सांगते.

किल्ली सापडली की दोन पर्याय द्या: गणपतला गुपचूप देणं, नाहीतर ग्रामसभेत टेबलावर ठेवणं. दोन्हीकडे दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं, इथे फाटे जुळले. फरक उरतो तो नात्यांत. गुपचूप दिली तर पुढच्या कामगिरीत गणपत जुना व्हॉल्व्ह कुठे गाडलाय ते दाखवतो. सभेत दिली तर तो काम सोडतो. मग व्हॉल्व्हची माहिती दुकानदाराकडून मिळायला हवी, आधीची उधारी फेडल्यावर. हा दुसरा रस्ता ठेवला नाही तर गेम तिथेच अडकतो.

इंक या संवादभाषेत पारूआजी अशी लिहिता येते:

```
VAR killi = 0
VAR batmi = false
-> paru

=== paru ===
{
- batmi && killi == 2:
    "भर सभेत त्याची अब्रू घालवलीस, पोरी."
- batmi && killi == 1:
    "गणपत काल पोटभर जेवला बघ."
- else:
    "पाणी कधी सुटायचं गं?"
}
-> DONE
```

`killi` म्हणजे खेळाडूनं काय केलं: 1 गुपचूप, 2 सभेत. `batmi` मुद्दाम वेगळं ठेवलंय. ते नसेल तर सभेतून बाहेर पडताच, सभेला न गेलेली आजीही टोमणा मारते, आणि गाव खोटं वाटू लागतं. `batmi` दुसऱ्या दिवशी सकाळी `true` करा.

तपासताना उलट्या क्रमानं खेळा. कामगिरी मिळण्याआधीच दुकानात जाऊन किल्ली उचला. त्यानंतरही सरपंच "किल्ली शोधून आण" म्हणत असतील, तर त्यांच्या पहिल्याच वाक्याला "ही घ्या, सापडली" असं उत्तर जोडावं लागेल.