सणाच्या ऑर्डरींना उशीर झाला: ग्राहकांना माफीचा निरोप पाठवण्याआधीची तयारी

उशीर होणार हे कळलं की हात आधी मजकुराकडे वळतो. मजकूर शेवटी लिहा. पहिलं काम आकडेमोडीचं, कारण निरोपात दिलेली नवी तारीख दुसऱ्यांदा चुकली तर त्यानंतरची माफी कुणी वाचत नाही.

कागदावर चार गोष्टी मांडा: किती ऑर्डरी अडकल्या आहेत, अडलेला माल हातात कधी येणार, दिवसाला प्रत्यक्षात किती पार्सलं बांधून होतात आणि कुरिअरला किती दिवस लागतात. समजा आज 10 तारीख आहे, सण 20 ला आहे, 140 ऑर्डरी अडकल्या आहेत आणि कमी पडलेली खोकी 12 ला सकाळी येणार आहेत. दिवसाला 30 पार्सलं होतात असं सगळेच म्हणतात, पण गेल्या आठवड्याची नोंद 25 सांगत असेल तर 25 च धरा. त्यातली 5 रोज नव्या ऑर्डरींना जातात, म्हणजे जुन्यांसाठी उरली 20. कुरिअरला 4 दिवस लागतात, वर एक दिवस राखीव ठेवा. या हिशेबात कुरिअर रविवारीही चालू आहे. तुमचं बंद असेल तर तो दिवस वाढवा. आता 12, 13 आणि 14 या तीन दिवसांत बांधलेली 60 पार्सलंच 19 पर्यंत नक्की पोचतील. 15 चं पार्सल ऐन सणाच्या दिवशी पोचेल. ते उशिरा पोचणाऱ्यांतच मोजा, कारण भेटवस्तू आदल्या दिवशी हातात लागते.

नव्या ऑर्डरी आजच बंद केल्या तर मात्र त्या तीन दिवसांत 75 पार्सलं निघतात. म्हणजे आणखी 15 घरी वस्तू वेळेत पोचते, आणि उरलेली 65 सुद्धा 17 पर्यंत बांधून होतात, म्हणून राखीव दिवस धरून 22 पर्यंत पोचतात. निरोप जाण्याआधी दुकानाच्या पानावर ‘सणाआधीची नोंदणी बंद’ लिहिलंच पाहिजे. शंभर जणांची माफी मागत असताना तीच वस्तू नव्याने विकणं ग्राहकाला दिसतं, आणि ते त्याला उशिरापेक्षा जास्त लागतं.

मग यादीचे दोन भाग करा: सणाआधी मिळणारे 75 आणि सणानंतर मिळणारे 65. पहिल्या भागात कुणाला घ्यायचं याचा नियम एकच ठेवा, ज्याने आधी मागवलं त्याला आधी. जो जास्त ओरडतो त्याला पुढे घेतलं की शांत राहिलेल्याची तारीख चुकते. दोन्ही भागांना एकच निरोप पाठवू नका. पहिल्याला फक्त तारीख हवी असते, दुसऱ्याला निर्णय घ्यायचा असतो. म्हणून दुसऱ्या भागाचा निरोप आधी पाठवा. त्यांना दुसरीकडून वस्तू घ्यायला जेवढे दिवस मिळतील तेवढे कमीच आहेत. परस्पर दुसऱ्याच्या पत्त्यावर जाणाऱ्या भेटींवर खूण करा आणि निरोप पैसे भरणाऱ्यालाच पाठवा, नाहीतर भेटीचं गुपित आधीच फुटतं.

सद्भावनेची भेट काय द्यायची हेही लिहिण्याआधी ठरलेलं असावं. आमच्या मते सर्वांत साधी आणि प्रामाणिक गोष्ट म्हणजे घेतलेलं पाठवणखर्चाचं शुल्क परत करणं. ते ग्राहकाने न मागता, ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने परत जावं. तुमचा खर्चही आधीच कळतो, कारण जेवढं घेतलं त्याहून जास्त जाणार नाही. शुल्क घेतलंच नसेल तर ऑर्डरीच्या रकमेचा ठरावीक छोटा भाग परत करा. पुढच्या खरेदीचं कूपन म्हणजे ज्याला नुकताच त्रास झाला त्यालाच पुन्हा खरेदी करायला सांगणं. द्यायचंच असेल तर किमान रकमेची अट नको आणि मुदत वस्तू पोचल्यापासून मोजा. खोक्यात जादा वस्तू घालायचा मोह टाळा: बांधायला वेळ लागतो, वजन वाढतं आणि 25 चा आकडा 20 वर येतो.

आता मजकूर. ‘काही अपरिहार्य कारणास्तव उशीर झालेला असून गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ ही सूचनाफलकाची भाषा आहे. तिच्यात चूक कुणाचीच नसते. ‘आमच्याकडून उशीर झाला’ असं लिहा. कारण एका वाक्यात पुरे. ‘लवकरच’ आणि ‘येत्या दोन दिवसांत’ हे शब्द काढून टाका, कारण निरोप दुसऱ्या दिवशी वाचणारा ते दोन दिवस तिथून मोजतो. ‘पाठवू’ आणि ‘पोचेल’ यांत तर चार दिवसांचं अंतर आहे. तारीख पोचण्याचीच द्या, वारासह. दुसऱ्या भागासाठी निरोप असा होईल:

‘नमस्कार (नाव), तुमची ऑर्डर क्रमांक (…) सणाआधी पोचणार नाही. खोकी वेळेवर मागवण्यात आमची चूक झाली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. वस्तू सोमवार, 22 तारखेपर्यंत पोचेल. नको असेल तर 13 तारखेला रात्री 8 पर्यंत फक्त “रद्द” असं उत्तर पाठवा; पूर्ण रक्कम परत करू, कारण विचारणार नाही. ऑर्डर ठेवलीत तर पाठवणखर्च आम्ही परत करत आहोत. त्यासाठी तुम्हाला काही करावं लागणार नाही.’

पहिल्या भागाला यातलं दुसरं वाक्य, शुक्रवार 19 ही तारीख आणि परत मिळणारा पाठवणखर्च एवढं पुरतं. उत्तर न देणाऱ्याचं पार्सल निघेल हे गृहीत धरता येतं, पण वस्तूवर सणाचं नाव किंवा तारीख छापलेली असेल तर ते थांबवून फोन करा. सणानंतर ती कुणाच्याच उपयोगाची नाही.

पाठवण्याच्या मार्गात एक चूक फार होते. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतला निरोप फक्त तुमचा नंबर ज्यांनी जतन केला आहे त्यांनाच मिळतो. बाकीच्यांकडे तो जातच नाही आणि तुम्हाला वाटतं सगळ्यांना कळवलं. एक-दोन तासांनीही जिथे एकच खूण दिसते ती नावं वेगळी काढा आणि त्यांना एसएमएस किंवा फोन करा. देवनागरी एसएमएस 70 अक्षरांचा असतो, त्यात हा सगळा मजकूर मावत नाही. तिथे क्रमांक, नवी तारीख आणि ‘रद्द’चा पर्याय एवढंच घ्या. ईमेल पाठवताना सगळ्यांचे पत्ते एकमेकांना दिसणार नाहीत याची खात्री करा. आधी घरच्या दोन-तीन नंबरांवर पाठवून नाव आणि क्रमांक आपल्या जागी बसतात का ते बघा.

निरोप सकाळी पाठवा आणि पुढचे चार तास उत्तरं द्यायला एक माणूस मोकळा ठेवा. त्याआधी आपोआप जाणारे निरोप बंद करा. वस्तू पोचलेली नसताना ‘कशी वाटली?’ असा प्रश्न गेला तर माफी वाया जाते. ‘रद्द’ आलेले क्रमांक दिवसातून दोनदा बांधणीच्या टेबलावर कागदावर पोचले पाहिजेत. ते फोनमध्येच राहिले की पैसेही परत जातात आणि पार्सलही निघून जातं.

आणि 14 ला संध्याकाळी 75 पार्सलं खरंच कुरिअरकडे गेली का ते मोजा. 68 च गेली असतील तर उरलेल्या 7 जणांना त्याच रात्री फोन करा, 19 तारीख उजाडायची वाट बघू नका.