बरिस्ता ट्रेनिंगचा पहिला दिवस: नव्या मुलांसमोर मी जे बोलते ते

(पुण्यात कॅफेत नवीन बॅच आली की सकाळी शटर उघडायच्या आधी मी अर्धा तास बोलते. बरेच जण विचारतात म्हणून ह्यावेळचं जवळपास जसंच्या तसं टाकतेय.)

या, बसा सगळे, बॅगा मागच्या रॅकवर ठेवा आणि मोबाईलही तिथेच. स्वागत आहे तुमचं. इथं आलाय म्हणजे एस्प्रेसो, कॅपुचिनो, लाते ह्यातला फरक तुम्हाला माहितीये असं मी धरून चालते, नसेल तर दुपारी विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आज मला तीनच गोष्टी बोलायच्यात, त्यातल्या पहिलीवर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे कारण त्यात मी स्वतः महिनोन्महिने अडकून पडले होते आणि मला कुणीच नीट सांगितलं नव्हतं.

आपली रेसिपी भिंतीवर लावलीये. 18 ग्रॅम कॉफी आत, 36 ग्रॅम कपात, साधारण 28 सेकंदांत. ही आपल्या बीन्सची आणि आपल्या मशीनची रेसिपी आहे, शेजारच्या कॅफेत वेगळी असेल. सकाळी डायल-इन करून, म्हणजे ग्राइंड आणि डोस जुळवून, शॉट बरोबर बसला की वाटतं झालं, आता दिवसभर बटण दाबत राहायचं. तसं होत नाही. उघडं पाकीट जुनं होत जातं तसा शॉट जलद यायला लागतो, गर्दीत ग्राइंडर तापतो, पावसाळ्यात हवा बदलते. त्यामुळे सकाळी जो ग्राइंड बरोबर होता तो संध्याकाळी बरोबर असेलच असं नाही.

आता उदाहरण घेऊ. दुपारचे साडेचार वाजलेत, 36 ग्रॅम 22 सेकंदांतच पडले. चाखलं तर आंबट आणि पातळ. तुम्ही काय कराल? सगळे म्हणतील ग्राइंड बारीक करू. बरोबर आहे, पण त्याच्याही आधी डोस तोला, आणि शॉट झाल्यावर पोर्टाफिल्टरमधला पक, म्हणजे दाबलेल्या कॉफीची वडी, बघा, त्यात भोक पडलंय का, एका बाजूनं खचलाय का. तसं असेल तर दोष ग्राइंडचा नाही, तुमच्या टॅम्पचा, म्हणजे कॉफी दाबून बसवण्याचा आहे, आणि ग्राइंडर फिरवून तो सुटणार नाही. समजा डोस 18 आहे, पकही नीट आहे. मग ग्राइंड किंचित बारीक करा, थोडंसंच.

आणि सापळा इथेच आहे, नीट ऐका. आपला ग्राइंडर वेळेवर चालतो, म्हणजे बटण दाबलं की तो ठरलेले सेकंद फिरतो, ग्रॅम तो मोजत नाही. सकाळी 6 सेकंदांत 18 ग्रॅम येत होते. ग्राइंड बारीक केला की दातांमधली फट कमी होते, कॉफी हळू बाहेर पडते, आणि त्याच 6 सेकंदांत आता 17.3 ग्रॅमच येतात. तुम्ही तोललं नाही तर तुम्हाला कळणारच नाही. कॉफी कमी म्हणजे पक पातळ, पक पातळ म्हणजे पाणी पुन्हा भरकन निघून जाणार. म्हणजे बारीक केल्यामुळे शॉट जेवढा हळू व्हायला हवा होता तेवढा तो होत नाही, 24-25 सेकंदांवर अडकतो. मग तुम्ही म्हणता अजून बारीक करू. डोस अजून घसरतो, 16.5 वर येतो. मग अजून बारीक. शेवटी घड्याळ 28 दाखवतं, तुम्हाला हायसं वाटतं, आणि कपातली कॉफी कडवट पण अंगात दम नसलेली, कारण कॉफी कमी आणि ग्राइंड गरजेपेक्षा बारीक, तोंड कोरडं पडतं पिऊन. आकडा बरोबर आणि चव चुकीची, आणि ह्याच ठिकाणी माणूस मशीनला, पाण्याला, बीन्सला, सगळ्यांना दोष देतो.

ह्यात अजून एक भर पडते. ग्राइंड बदलल्यावर आतल्या नळीत जुन्या सेटिंगची कॉफी अडकलेली असते. पहिला शॉट हा जुनं आणि नवं मिसळून येतो, त्यावरून काहीही ठरवायचं नाही. म्हणून बदल केला की एक डोसभर कॉफी काढून टाका. वाया जाते म्हणून जीव हळहळतो, मला कळतं, पण तेवढी कॉफी वाचवण्याच्या नादात पुढचे पाच शॉट सिंकमध्ये जातात.

तर मग आपल्या उदाहरणात काय करायचं? बारीक केलं, डोसभर काढून टाकली, पुन्हा तोललं, 17.3 आले. आता ग्राइंडला हात लावायचा नाही. टायमर 6 वरून सव्वासहा सेकंदांच्या आसपास न्यायचा, 18 येईपर्यंत. 18 आले की मगच शॉट काढायचा आणि मगच घड्याळ बघायचं. ग्राइंड बदलला की डोस पुन्हा जागेवर आणायचा, ह्या क्रमात कधीही गल्लत करू नका. कप तराजूवरच ठेवा, डोळ्यांनी अंदाज घेऊ नका, कारण ताज्या कॉफीवर फेस जास्त येतो, कप भरल्यासारखा दिसतो आणि वजनात कमी भरतो.

आणि शिफ्ट बदलताना ग्राइंडरशेजारच्या वहीत लिहा: ग्राइंड किती, डोस किती, किती सेकंद. नाहीतर दुपारचा माणूस बारीक करून जातो, संध्याकाळचा जाड करतो, आणि रोज सहा वाजता येणाऱ्या काकांना वाटतं ह्यांनी कॉफी बदलली. ती बदललेली नसते, आपण दोघं एकमेकांशी बोललेलो नसतो.

माझं एक स्पष्ट मत आहे, पटलं नाही तरी ऐकून ठेवा. जो सिनियर म्हणतो "तोलायचं काय, हात बसला की कळतं", त्याच्याकडून काम शिकू नका. हात बसतो हे खरं आहे, टॅम्प करायला बसतो, दूध ओतायला बसतो. ग्रॅम ओळखायला हात बसत नाही. आणि रील बघून लाते आर्ट शिकायच्या मागे पहिल्याच आठवड्यात लागू नका, हंस काढता आला आणि खालचा शॉट 16 ग्रॅमचा असेल तर फोटो काढून झाल्यावर गिऱ्हाईक तो अर्धा ठेवून जाणार.

घाबरू नका मात्र. हे सगळं ऐकायला जड वाटतं, हाताला लागल्यावर दोन मिनिटांचं काम आहे. सुरुवातीला गर्दीत तुमचं डोकं काम करणार नाही, सगळ्यांचं तसंच होतं, तेव्हा मागे सरका आणि मला हाक मारा. मी येते.

आता स्वच्छता. झाडू-फडकं, हात धुणं, नखं, अंगठ्या हे तुम्हाला सांगायला लागू नये, तरी कॅश किंवा मोबाईल हाताळून सरळ कप धरणारा दिसला तर मी सगळ्यांसमोर बोलेन. कप कानाला धरायचा, काठाला नाही. चव घ्यायचा चमचा परत दुधात जाणार नाही. पोट बिघडलंय, ताप आहे, तर मेसेज टाका आणि येऊ नका, त्यावरून कुणाला बोलणी बसणार नाहीत.

पण मला खरी काळजी असते ती स्टीम वाँडची, म्हणजे दूध तापवायच्या वाफेच्या नळीची. वाफ बंद केली की नळीत उरलेली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं, आत पोकळी होते, आणि टोक दुधात बुडालेलं असेल तर दूध चक्क वर ओढलं जातं. बाहेरून पुसून तुम्हाला नळी चकाचक दिसते, आणि आत दूध बसलेलं. दिवसभर तापतं, थंड होतं, वाळतं, आणि पुढच्याच्या जगमध्ये उतरतं. म्हणून स्टीम झालं की जग बाजूला, ओल्या फडक्यानं लगेच पुसायचं, वाफ एकदा जोरात सोडायची. स्टीम करायच्या आधीही एकदा सोडायची म्हणजे साठलेलं पाणी दुधात जात नाही. ते फडकं फक्त वाँडचं, काउंटर त्यानं पुसायचा नाही, आणि ते दिवसातून अनेकदा बदलायचं. वास आला तर उशीर झालाय असं समजा.

उरलेलं दूध पुन्हा स्टीम करायचं नाही. एकदा तापलेल्या दुधाचा फेस नीट होत नाही हे एक, आणि 5 ते 60 डिग्रीच्या मधे दूध पडून राहिलं की जंतू वाढतात हे दुसरं. म्हणून कपाला लागेल तेवढंच दूध जगमध्ये घ्या आणि पिशवी लगेच फ्रिजमध्ये. हे जमायला थोडे दिवस जातात, सुरुवातीला उरेल, टाकून द्या. रात्री क्लोजिंगला ग्रूप हेडचं, म्हणजे जिथून गरम पाणी कॉफीवर पडतं त्या भागाचं, बॅकफ्लश पावडर टाकून करायचं, तो आतून धुऊन निघतो. झालंय की नाही हे कसं ओळखायचं? सकाळी नुसतं गरम पाणी कपात काढा आणि वास घ्या. खवट तेलासारखा वास आला तर काल रात्री कुणीतरी घाई करून घरी गेलंय.

तिसरी गोष्ट, समोर उभा राहिलेला माणूस. मला "वेलकम सर, वेलकम मॅम" असं एका सुरात ओरडणं आवडत नाही. मान वर करा, डोळ्यांत बघा, "या, बसा, पाच मिनिटं लागतील" म्हणा. पाच लागणार असतील तर पाचच सांगा, दोन सांगून सात लावू नका. लोक थांबायला तयार असतात, ताटकळायला नसतात.

आणि "एक्स्ट्रा हॉट" वरून वाद घालू नका. आपण दूध 60 ते 65 डिग्रीला थांबवतो कारण तिथं ते गोड लागतं, 70 च्या पुढे उकळलेल्या दुधाचा वास यायला लागतो. पण ज्या आजी आयुष्यभर वाफाळता चहा पीत आल्यात त्यांना 62 डिग्रीची कॉफी कोमट लागणारच. त्यांना तापमानाचं लेक्चर द्यायचं नाही. कप आधी गरम पाण्यानं तापवा, दूध 68 पर्यंत न्या, आणि पहिला कप तयार झाला की आधी त्यांच्या टेबलवर न्या. बऱ्याचदा कॉफी थंड लागते ती कप थंड असल्यामुळे आणि काउंटरवर वाट बघत राहिल्यामुळे. तरीही आजी म्हणाल्या "अजून गरम हवी होती रे", तर नव्या दुधानं 75 ला करून द्या, तोंड वाकडं न करता. कॉफी त्यांची आहे.

कुणी कप परत आणला तर "आमची रेसिपी अशीच आहे" हे वाक्य वापरायचं नाही. "काय वाटलं, आंबट लागली का कडू?" एवढं विचारा आणि दुसरी करून द्या. त्यांच्या उत्तरातून बऱ्याचदा तुम्हाला ग्राइंडर सरकल्याचं कळतं, घड्याळाच्याही आधी.

बरं, आता उठा, एप्रन घाला, कोपरापर्यंत हात धुवून या. पहिले तिघं ग्राइंडरपाशी, बाकीचे माझ्याबरोबर वाँडवर. ग्राइंडरवाल्यांनी आधी डोस तोलायचा, मी मुद्दाम सेटिंग हलवून ठेवलंय, काय बिघडलंय ते मला शोधून सांगा.