लिमिट दहा लाखांची, देणं किती?

बी.कॉम. होऊन मी इचलकरंजीत एका सीएंच्या ऑफिसात लागलो, तेव्हा बँका कॅश क्रेडिटवरचं, म्हणजे सीसीवरचं, व्याज तिमाहीला लावायच्या. पहिलं मोठं काम मिळालं ते एका सूत व्यापाऱ्याच्या ३१ मार्च २००१ च्या ताळेबंदाचं. त्यात मी जो घोळ घातला, तोच घोळ आजही नवीन मुलं घालताना दिसतात, म्हणून तो सविस्तर सांगतो. आकडे सोपे करून घेतले आहेत.

शेठजींना बँकेनं मालाच्या तारणावर दहा लाखांची सीसी मंजूर केली होती. मी फाइलमधलं मंजुरीपत्र पाहिलं आणि मुदत कर्जाची करतात तशी नोंद केली: बँक खातं नावे १०,००,०००, कॅश क्रेडिट कर्ज जमा १०,००,०००. वर्षभराचे चेक आणि भरणा मग त्या बँक खात्यात घेत गेलो. दोन्ही बाजू जुळल्या, मी खूश.

ऑफिसातल्या ज्येष्ठ काकांनी कागद हातात घेतला आणि विचारलं, "शेठजींच्या बँकेत साडेचार लाख शिल्लक आहेत म्हणतोस? मग शेठ दर तिमाहीला व्याजाच्या नावानं का रडतोय?"

ते साडेचार लाख म्हणजे न वापरलेली लिमिट होती. मुदत कर्जात बँक रक्कम एकदम देते, त्या दिवशी पूर्ण कर्ज अंगावर येतं. सीसीत बँक फक्त मुभा देते की अमुक रकमेपर्यंत उचल करा. उचल झाली तेवढंच देणं. मंजुरीच्या दिवशी पुस्तकात काहीच लिहायचं नसतं. पुढे चेक वटतात, भरणा होतो, तसतशी खात्याची शिल्लक कमीजास्त होते आणि वर्षअखेरीला जी जमा शिल्लक उरते तेवढीच ताळेबंदात देणं म्हणून येते. माझ्या नोंदीनं देणं दहा लाख दिसत होतं आणि समोर बँकेत नसलेले पैसे. फरक शून्य, पण दोन्ही आकडे खोटे. ओळखायची खूण साधी आहे: तुमच्या पुस्तकातली 'बँक शिल्लक' आणि खरी उचल यांची बेरीज बरोबर लिमिटइतकी येत असेल, तर हाच घोळ आहे.

इथे नावे-जमेचा गोंधळ उडतो. बँकेच्या स्टेटमेंटवर सीसीची शिल्लक 'नावे' असते, कारण तिच्या दृष्टीनं शेठजी देणेकरी. आपल्या पुस्तकात तीच शिल्लक 'जमा' हवी. स्टेटमेंट बघून तशीच बाजू उतरवू नका.

आता व्याज. ते लिमिटवर नसतं, रोजच्या उचलीवर असतं. दर १४.६० टक्के धरू, म्हणजे लाखाला दिवसाला बरोबर ४० रुपये पडतात. जानेवारी ते मार्च २००१ ही ९० दिवसांची तिमाही. १ ते २० जानेवारी, म्हणजे २० दिवस, उचल सहा लाख होती. २१ जानेवारी ते २८ फेब्रुवारी हे ३९ दिवस ती आठ लाख राहिली. मार्चचे ३१ दिवस पाच लाख. लाख गुणिले दिवस केले की १२०, ३१२ आणि १५५, एकूण ५८७. त्याला ४० नं गुणलं की २३,४८० रुपये. पूर्ण लिमिटवर काढलं असतं तर ३६,००० आलं असतं. मी पहिल्यांदा तेच काढलं होतं आणि बँकेनं कमी व्याज लावलं म्हणून शेठजींना खुशखबरही दिली होती.

दुसरी चूक तारखेची. ३१ मार्चला दुपारी शेठजींचा मुलगा स्टेटमेंट घेऊन आला, त्यावर उचल होती पाच लाख. व्याज बँकेनं त्याच दिवशी संध्याकाळी लावलं आणि ते मला एप्रिलच्या स्टेटमेंटवर दिसलं. मी ते एप्रिलमध्ये घेतलं. सीए साहेबांनी व्याज खातं उघडून फक्त बोट ठेवलं: जून, सप्टेंबर, डिसेंबर, पुढे कोरं. वर्षात चार तिमाह्या आणि नोंदी तीन. अर्थात नुसत्या नोंदी मोजूनही भागत नाही. आदल्या वर्षी कोणी हीच चूक केली असेल, तर एप्रिलमध्ये जुन्या मार्चचं व्याज पडलेलं असतं आणि मोजदाद चार भरते. म्हणून प्रत्येक नोंद कोणत्या तिमाहीची आहे ते वाचायचं. बँकेनं व्याज खरोखरच एप्रिलच्या तारखेला लावलं असेल, तरी खर्च मार्चअखेरच्या वर्षाचाच. तेव्हा ३१ मार्चला व्याज खर्च नावे, देय व्याज जमा करायचं, आणि एप्रिलमध्ये बँकेनं रक्कम घेतली की देय व्याज नावे, सीसी खातं जमा.

आमच्या बाबतीत व्याज ३१ मार्चचंच होतं. त्यामुळे नोंद थेट झाली: व्याज नावे २३,४८०, सीसी खातं जमा २३,४८०. बँकेच्या उताऱ्यावर उचल झाली ५,२३,४८०. हे व्याज शेठजींनी भरलं नाही, तर एप्रिलपासून त्या २३,४८० वरही व्याज चढतं. पुढच्या ९१ दिवसांत फक्त त्याचंच साधारण ८५५ रुपये.

पण पुस्तकात उचल ५,६१,४८० येत होती. कारण ३० मार्चला सूतगिरणीला दिलेला ३८,००० चा चेक अजून वटला नव्हता. इथे सवयीनं चूक होते. चालू खात्यात पैसे असतील, तर न वटलेला चेक पुस्तकी शिलकीत मिळवून बँकेची शिल्लक काढतो. उचल असेल तर तो वजा करायचा, कारण पुस्तकात देणं आधीच वाढलेलं आहे. ५,६१,४८० वजा ३८,०००, म्हणजे ५,२३,४८०. जुळलं. ताळेबंदात जातो तो पुस्तकी आकडा, ५,६१,४८०.

आता मांडणी. मी टॅलीत सीसीचं लेजर `Bank Accounts` या गटात उघडलं होतं. तो गट चालू मालमत्तेखाली येतो. शेठजींचं दुसऱ्या बँकेत चालू खातं होतं, त्यात १,१०,००० होते. दोन्ही एकाच गटात आल्यावर मालमत्तेच्या बाजूला उणे ४,५१,४८० असा आकडा आला. एका बँकेची ठेव दुसऱ्या बँकेच्या कर्जातून वजा होत नाही, आणि देणं मालमत्तेच्या बाजूला उणे चिन्हानं लपवायचं नसतं. लेजर `Bank OD A/c` गटात घेतलं की ते आपोआप `Loans (Liability)` खाली जातं: एकीकडे बँक शिल्लक १,१०,०००, दुसरीकडे तारणी कर्ज ५,६१,४८०. कंपनीच्या ताळेबंदात हेच अल्पमुदत कर्जांत येतं. लिमिटचा आकडा टॅलीत टाकायचाच असेल तर त्याच लेजरमध्ये त्याची वेगळी जागा आहे, ती फक्त माहितीसाठी. उलट, वर्षअखेरीला मोठा भरणा होऊन सीसी खात्यात खरंच पैसे उरले, तर त्या दिवसापुरती ती बँक शिल्लक होते आणि मालमत्तेत दाखवावी लागते. व्यापाऱ्यांच्या खात्यात हे क्वचित घडतं, पण एकदा घडलं आणि मी ते उणे कर्ज म्हणून छापून दिलं होतं.

रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनं १ एप्रिल २००२ पासून शेतीकर्ज वगळता व्याज दर महिन्याला लागू लागलं. त्यामुळे आज सीसीच्या स्टेटमेंटवर बहुधा बारा नोंदी दिसतील आणि परीक्षेच्या गणितात मात्र तिमाही भेटेल. गणित तेच, फक्त तुकडे लहान. तुमच्या पक्षकाराचं व्याज कधी लागतं ते मंजुरीपत्रात लिहिलेलं असतं. मी पहिल्यांदा त्यातला फक्त दहा लाखांचा आकडा वाचला होता.