डब्याचं लिस्टिंग लोक बघायचे, पण ऑर्डर येत नव्हती: माझा अनुभव

लालबागहून मी स्टीलचे जेवणाचे डबे ऑनलाइन विकते. लिस्टिंग बघणारे भरपूर, घेणारे मोजकेच. किंमत उतरवली, फोटो बदलले, टायटल लांबवलं, फरक शून्य. फार वैताग आला होता.

शेवटी हे जमलं. तशाच डब्यांची पाच लिस्टिंग उघडली आणि वहीत रकाने आखले: व्यास, उंची, क्षमता, झाकणाची रिंग. कोणी काय भरलंय यावर फक्त खूण केली. वाक्य एकही उतरवलं नाही. क्षमता सगळ्यांनी दिली होती, बाहेरचा व्यास एकानेही नाही.

मग दोन-तीन स्टारचे रिव्ह्यू आणि उत्तर न मिळालेले प्रश्न वाचले. (पाच स्टारवाले बहुधा ‘छान’ म्हणून सोडून देतात.) तीच शंका पुन्हा पुन्हा होती: बॅगेत आडवा ठेवला तर आमटी सांडेल का? ती माझ्या शब्दांत लिहिली आणि सगळे टॅब बंद केले.

त्यानंतर माझाच डबा तपासला. व्यास मोजला. आत पाणी भरून, वर्तमानपत्रात गुंडाळून तासभर आडवा ठेवला. कागद कडेला ओला झाला. म्हणून स्पष्ट लिहिलं: ‘भाजी-पोळीसाठी. पातळ आमटी न्यायची तर डबा उभाच ठेवा.’

आता ऑर्डर येतात आणि ‘गळतो’ म्हणून परत येणारे डबे थांबलेत.