सात टीपांचा परिच्छेद

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांवरील माझ्या पुस्तकाच्या कच्च्या प्रतीत, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवलेल्या ३००० कार्षापणांची हकिगत सांगताना एकाच परिच्छेदात सात टीपक्रमांक आले होते, आणि माझी बहीण तिथेच वाचायची थांबली. मग मी प्रत्येक टीप तपासली. जिच्यावाचून वाक्य कळत नाही, ती मजकुरातच घेतली : ‘कार्षापण, म्हणजे त्या काळचे नाणे’. ‘श्रेणी’सारखे पुढे वारंवार येणारे शब्द शब्दसूचीत गेले आणि शिलालेखाचा मूळ पाठ परिशिष्टात. संदर्भ अंत्यटीपांत दिले, पण क्रमांकांऐवजी पृष्ठक्रमांक आणि वाक्यातील पहिले दोन-तीन शब्द लिहून. हे पृष्ठक्रमांक मात्र अंतिम मांडणीनंतरच भरावेत. मी घाई केली आणि एक नकाशा वाढताच पुढचे सगळे चुकले.