बारशाआधीचं हाक मारायचं नाव: या चुका टाळा

घरात दोन-अडीच वर्षांचं मोठं भावंड असेल, तर बाळाचं लाडाचं नाव सगळ्यात जास्त वेळा तेच घेणार. तरी नाव ठरवतं कोण? हॉस्पिटलच्या खोलीत पेढे खात बसलेल्या आत्या आणि काकू.

पहिली चूक माझीच आहे. कोथरूडला भावाला मुलगी झाली आणि मी हौसेने तिला ‘शिऊ’ म्हणायला लागले. थोरला अडीच वर्षांचा. त्याच्या तोंडून ‘शिऊ’चं झालं ‘शू’. त्याच आठवड्यात आम्ही त्याचं डायपर सोडवत होतो. मालीशवाल्या बाई बाळाला न्हाऊ घालून बाहेर आणायच्या, हा टाळ्या पिटत ओरडायचा, “शू आली!” की आजी त्याला उचलून बाथरूमकडे पळायची. चड्डी खाली, पोरगं रडतंय. तिसऱ्या दिवसापर्यंत सगळे शहाणे झाले. तो पुन्हा “शू आली” म्हणाला, आम्ही म्हटलं, “हो रे, आली तुझी बहीण.” या वेळी खरीच आली होती. सतरंजी दोन दिवस गच्चीवर वाळत होती.

म्हणून नाव ठरवण्याआधी पोराचे रोजचे शब्द आठवा: शू, शी, माऊ, चिऊ, बाऊ, भूर, मम्मम. नाव त्यांच्या जवळपास गेलं की घोळ ठरलेला. बाळाला ‘चिऊ’ म्हणाल, तर खिडकीतली चिमणीही बहीणच.

दुसरी चूक अक्षरांची. प, ब, म, न, त, द ही या वयात बहुतेकांना जमतात. क-ग चे पुष्कळदा त-द होतात, र चा ल होतो, जोडाक्षर तर गळतंच. ‘रुद्रू’चं ‘लुद्दू’ झालं की हसू नका, तुम्हीच ठेवलंय. दोन अक्षरं, शेवटी ऊ किंवा ई, म्हणजे लांबून हाकही मारता येते.

“म्हण बरं, नमू” असं पढवून घेतलेलं मी धरत नाही. आपल्यामागून पोर छान म्हणतं आणि तासाभराने भलतंच बोलतं. दोन दिवस घरात सगळ्यांनी ते नाव नुसतं वापरायचं. मग पाळणा कुरकुरला की विचारायचं, “कोण रडतंय रे?” जे येईल ते खरं. लोकांना एवढाही धीर नसतो, लगेच मोबाईलवर सगळ्यांना कळवून मोकळे.

उच्चार सुधारत बसू नका. पोराने जे केलं तेच घ्या.

जन्मनोंदणीच्या फॉर्मवर घाईत लाडाचं नाव लिहू नका. नोंदणी 21 दिवसांत करायची असते, पण नावाची जागा रिकामी चालते. 12 महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येतं.

आमच्याकडे ‘शिऊ’ बाद करून ‘नमू’ आणलं. थोरल्याने उलटं करून ‘मनू’ केलं. बारशाला चार अक्षरी नाव ठेवलं, पण ते फक्त पत्रिकेवर दिसलं.